ऑडिट लॉगची किल्ली कोणाकडे?

ऑर्डरची किंमत किंवा डिलिव्हरीचा पत्ता कोणी बदलला याची नोंद ठेवणारा तक्ता आजकाल बहुतेक सिस्टिममध्ये असतो. "आमच्याकडे ऑडिट लॉग आहे हो" असं डेमोमध्ये अभिमानाने सांगितलंही जातं. माझं म्हणणं एवढंच आहे की हा तक्ता ज्या डेटाबेसमध्ये आहे, त्याच डेटाबेसची किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याच्याविरुद्ध त्या तक्त्याचा पुरावा म्हणून काडीचाही उपयोग नाही. मग त्यात हॅश घाला, साखळी घाला, नाहीतर "ब्लॉकचेन" असा शब्द घाला. हे असं का, आणि त्यावरचा उपाय किती साधा आहे, ते आज जरा सविस्तर लिहितो.

एक उदाहरण घेऊ. काल्पनिक आहे, पण अशा भानगडी ज्यांनी पाहिल्यात त्यांना ओळखीचं वाटेल. ऑर्डर नंबर ४८१५. पाण्याचा प्युरिफायर, किंमत १८,५०० रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी, पत्ता कोथरूडचा. सकाळी ११:२० ला ग्राहकाचा फोन येतो, "मी आईकडे आहे, बावधनला पाठवा." कस्टमर केअरवाली पत्ता बदलते. दुपारी २:०५ ला कोणीतरी किंमत १४,५०० करतं. पण डिलिव्हरीची चिठ्ठी दुपारी १ वाजताच छापून झालेली असते आणि तिच्यावर १८,५०० आहेत. ग्राहक तेवढेच देतो, सिस्टिमला १४,५०० अपेक्षित असतात, तेवढेच जमा होतात. मधले ४,००० रुपये कोणाच्या तरी खिशात. हिशेब जुळतो, म्हणून कोणालाच काही कळत नाही. महिनाभराने ग्राहक वॉरंटीसाठी चिठ्ठी दाखवतो तेव्हा गडबड बाहेर येते.

आता प्रश्न: २:०५ ला किंमत कोणी बदलली?

बऱ्याच ठिकाणी ऑर्डरच्या तक्त्यात `updated_by` आणि `updated_at` असे दोन रकाने असतात आणि त्यालाच लोक ऑडिट म्हणतात. हे रकाने फक्त शेवटचा बदल सांगतात. संध्याकाळी गोडाऊनवाल्याने "डिलिव्हर्ड" असं केलं की २:०५ चा माणूस पुसला गेला. म्हणून प्रत्येक बदलाची वेगळी ओळ हवी: कोणती ऑर्डर, कोणता रकाना, आधी काय होतं, नंतर काय झालं, कोणी, कधी आणि कशासाठी. "आधी काय होतं" हे लोक हमखास विसरतात. नुसतं "किंमत १४,५०० केली" यावरून चार हजार गेले हे कळणारच नाही.

आणि "कोणी" हा प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. पोस्टग्रेसमध्ये ट्रिगर लावून आपोआप नोंद करायची पद्धत आहे, आणि ती चांगली आहे, कारण ॲप्लिकेशनमधला एखादा कोपरा नोंद करायला विसरला तरी ट्रिगर विसरत नाही. पण ट्रिगरला "तू कोण?" विचारलं तर `current_user` म्हणून येतं ॲप्लिकेशनचं एकच नाव, कारण दोनशे कर्मचारी त्याच एका डेटाबेस युजरमार्फत आत येतात. दोनशे ओळी, दोनशेही ओळींत `app_user`. झालं ऑडिट! म्हणून खरा माणूस ॲप्लिकेशनने व्यवहाराच्या आतच सांगायला हवा:

```sql
BEGIN;
SELECT set_config('app.actor', 'emp-31', true);
UPDATE orders SET price = 14500 WHERE id = 4815;
COMMIT;
```

ट्रिगर मग `current_setting('app.actor', true)` वाचून emp-31 लिहितो. इथे `set_config` मधलं शेवटचं `true` फार महत्त्वाचं. त्याचा अर्थ, हे नाव या व्यवहारापुरतंच. ते `false` केलं तर नाव कनेक्शनला चिकटून राहतं, आणि पूलमधलं तेच कनेक्शन पुढच्या क्षणी दुसऱ्या कर्मचाऱ्याला मिळतं. म्हणजे emp-27 च्या बदलावर emp-31 चं नाव. चुकीचं नाव लिहिणारा लॉग हा लॉग नसण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास ठेवून कोणाची तरी नोकरी जाते.

त्याच ओळीत `session_user` सुद्धा लिहून ठेवावा. `app.actor` रिकामा आहे आणि `session_user` ॲप्लिकेशनचा नाही, अशी ओळ दिसली तर समजायचं की कोणीतरी थेट डेटाबेसमध्ये शिरून हात मारलाय. अख्ख्या लॉगमध्ये सगळ्यात आधी वाचायच्या ओळी याच.

एवढं झालं की लोक थांबतात. आता दुसरी बाजू बघा. आपला संशयित कस्टमर केअरमधला नसून डेटाबेस सांभाळणाराच असेल तर? किंवा त्याचा मित्र असेल तर? लॉगच्या तक्त्यावरून `UPDATE` आणि `DELETE` चे अधिकार काढून घ्यावेत हे बरोबरच आहे, ॲप्लिकेशनपुरतं ते पुरतं. पण तक्त्याचा मालक ट्रिगर बंद करून, काम उरकून, परत चालू करू शकतो. सुपरयुजरला तर तेवढाही खटाटोप नको. `session_replication_role` हे सेटिंग `replica` केलं की त्याच्या सेशनपुरते साधे ट्रिगर चालतच नाहीत. लॉगमध्ये त्याचा मागमूस नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर कागदावर फार पूर्वीपासून आहे. सातबारा आठवा. जमिनीवरचं जुनं नाव खोडरबराने पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफाराचा नंबर लिहितात. तो नंबर घेऊन गाव नमुना सहामध्ये गेलं की कोणाच्या अर्जावरून काय बदललं ते सापडतं. म्हणजे आधी आणि नंतर, दोन्ही शाबूत. पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. फेरफाराची नोंद लिहितो तलाठी, आणि ती प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. लिहिणारा वेगळा, शिक्का मारणारा वेगळा. त्या व्यवस्थेतही भानगडी होतात, नाही असं नाही, पण त्यासाठी दोघांनी मिळावं लागतं. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र तलाठीही तोच, मंडळ अधिकारीही तोच, आणि दप्तराची किल्लीही त्याच्याच कमरेला.

आता हॅशच्या साखळीकडे येऊ. कल्पना सोपी आहे. लॉगच्या प्रत्येक ओळीचा हॅश काढायचा, पण त्यात आधीच्या ओळीचा हॅशही मिसळायचा:

```
h(n) = SHA256( h(n-1) || row(n) )
```

यामुळे प्रत्येक हॅशमध्ये आधीच्या सगळ्या ओळींचा अंश उतरतो. आपल्या ४८१५ च्या प्रकरणात कोणी २:०५ च्या ओळीतलं emp-31 बदलून emp-27 केलं, तर त्या ओळीचा हॅश जुळणार नाही. तो हॅश नव्याने मोजून लिहिला तर पुढच्या ओळीचा जुळणार नाही. तोही बदलला तर त्याच्या पुढचा. असं शेवटपर्यंत.

इथे लेख संपवणारे पुष्कळ आहेत. "म्हणून साखळी तोडता येत नाही!" अहो, का तोडता येत नाही? शेवटपर्यंत सगळे हॅश नव्याने मोजायचे. सूत्र गुप्त नाही, किल्ली लागत नाही. दहा लाख ओळींची साखळी पुन्हा मोजायला साध्या लॅपटॉपला काही सेकंद पुरतात. ज्याला एक ओळ बदलायचा अधिकार आहे त्याला सगळ्याच बदलायचा आहे. त्याने तसं केलं की नवी साखळी पहिल्या कडीपासून शेवटच्या कडीपर्यंत बिनचूक जुळते. तपासणारा प्रोग्राम हिरवी खूण दाखवतो, आणि emp-27 घरी जातो.

साखळी ओळींचं संरक्षण करत नाही. ती एक वेगळंच, पण मोठं काम करते. दहा लाख ओळींची राखण करायचा प्रश्न ती एका हॅशच्या राखणीवर आणून ठेवते. शेवटचा हॅश म्हणजे ६४ अक्षरं. तेवढी ६४ अक्षरं अशा माणसाच्या हातात द्यायची की ज्याला आपल्या डेटाबेसला हात लावता येत नाही. बस्स. हे केलं नाही तर साखळी म्हणजे शोभेची वस्तू.

ही काही माझ्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये डिजिटल कागदपत्रांवर तारखेचा शिक्का कसा मारावा यावर पेपर लिहिला, त्यात कागदपत्रं अशी एकमेकांत गुंफायची पद्धत होती. पुढे त्यांच्या श्युरिटी या कंपनीने १९९५ पासून दर आठवड्याचा हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायला सुरुवात केली. त्यात काय साधलं बघा. उद्या कंपनीच्या मालकालाच जुना शिक्का बदलावासा वाटला, तर जगभरच्या वाचनालयांतले जुने पेपर कुठून बदलणार? बिटकॉइनच्या कितीतरी आधी हे चालू होतं, आणि तेही रद्दीच्या भावाने जाणाऱ्या कागदावर.

आपल्याला पेपरात जाहिरात द्यायची गरज नाही. दर तासाला एक छोटा प्रोग्राम चालवायचा. त्याने नव्या ओळी साखळीत गुंफायच्या आणि शेवटच्या ओळीचा नंबर व हॅश बाहेर पाठवायचा. बाहेर म्हणजे कुठे? ॲमेझॉनच्या एस-थ्रीमध्ये ऑब्जेक्ट लॉक म्हणून सोय आहे. तिच्या कंप्लायन्स मोडमध्ये ठेवलेली फाइल मुदत संपेपर्यंत मूळ खातेदारालाही खोडता येत नाही. तिथेच गव्हर्नन्स मोड नावाचा दुसरा पर्याय आहे, तो मात्र खास परवानगी असलेल्याला ओलांडता येतो, त्यामुळे निवडताना नाव नीट वाचा. आणि हे खातं वेगळं हवं, ज्याचा पासवर्ड अकाउंट्स विभागाकडे किंवा ऑडिटरकडे असेल. खातंच बंद करण्याचा अधिकार डीबीएकडे असेल तर कुलूप कितीही भक्कम असून काय उपयोग?

आणि हेही जड वाटत असेल तर दिवसातून एकदा तो हॅश कंपनीच्या सीएला ईमेल करा. त्यांच्या मेलबॉक्समध्ये आपला डीबीए शिरू शकत नाही. छोट्या दुकानाला एवढं पुरे.

आता ४८१५ परत तपासू. दुपारी २ चा बाहेरचा हॅश जुळतो. ३ चा जुळत नाही. म्हणजे २ ते ३ मधल्या ओळींत फेरफार झालाय. लाखो ओळींतून शोध एका तासावर आला. पण एक लक्षात ठेवा, हॅश "बदललंय" एवढंच सांगतो, "आधी काय होतं" ते सांगत नाही. emp-31 हे नाव परत मिळवायचं असेल तर त्या तासाच्या ओळींची फाइलही कुलपात ठेवलेली हवी. मजकूर फार नसतो, खर्चही फार येत नाही, म्हणून मी तर म्हणेन की हॅशबरोबर ओळीही पाठवाच.

हे करताना दोन खाचखळगे हमखास लागतात.

पहिला, हॅश कशाचा काढला तो मजकूर जसाच्या तसा ठेवा. ओळ `jsonb` मध्ये ठेवली तर पोस्टग्रेस तिच्यातल्या नावांचा क्रम आपल्या सोयीने लावतं आणि मधल्या मोकळ्या जागा काढून टाकतं. अर्थ तोच, पण अक्षरं वेगळी, आणि हॅशला अर्थाशी देणंघेणं नसतं. मग एक दिवस तपासणी लाल होते, सगळे धावपळ करतात, आणि निघतं काय तर 14500 चं कुठेतरी 14500.00 झालंय. असा खोटा गजर दोनदा झाला की तिसऱ्यांदा खऱ्या गजराकडेही कोणी बघत नाही. म्हणून हॅश केलेला मजकूर साध्या `text` रकान्यात ठेवायचा.

दुसरा खळगा जास्त फसवा आहे. ओळीचा नंबर व्यवहार चालू असताना मिळतो, पण ओळ दिसायला लागते व्यवहार पूर्ण झाल्यावर. ९०१ नंबर घेतलेला व्यवहार रेंगाळला आणि ९०२ वाला आधी पूर्ण झाला, तर तासाचा प्रोग्राम ९०२ पर्यंत शिक्का मारून पुढे जातो. पुढच्या तासाला तो "९०२ नंतरचं" बघतो. ९०१ कायमची साखळीबाहेर. अशा बिनशिक्क्याच्या ओळीत कोणी काहीही लिहावं, तपासणी गप्प. उपाय असा की ओळीच्या नंबरावर विसंबायचंच नाही. "ज्यांना अजून शिक्का नाही अशा सगळ्या ओळी" घ्यायच्या आणि शिक्क्याचा क्रमांक वेगळ्या तक्त्यात, एकही न गाळता, स्वतःच द्यायचा.

पत्त्याचं प्रकरण किमतीपेक्षा नाजूक आहे, त्यावर थोडं. किंमत हा धंद्याचा डेटा, पत्ता हा माणसाचा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आपला डेटा खोडून मागण्याचा हक्क आहे. आणि आपण तर कधीच न खोडता येणारी वही बनवतोय! बावधनचा पत्ता साखळीत जसाच्या तसा गुंफला की तो काढता येणार नाही, काढला तर साखळी तुटेल. म्हणून साखळीत पत्ता घालूच नये. पत्ता वेगळ्या तक्त्यात, त्याच्या शेजारी यदृच्छेने निवडलेला एक मोठा आकडा, आणि दोन्ही मिळून काढलेला हॅश तेवढा साखळीत. कुलपात जाणाऱ्या फाइलमध्येही तोच हॅश, पत्ता नाही. खोडायची वेळ आली की पत्ता आणि तो आकडा दोन्ही पुसायचे. साखळी शाबूत राहते, पत्ता गेला. आकडा कशाला? तर नुसत्या पत्त्याचा हॅश अंदाजाने फोडता येतो. पिनकोड माहीत असला की सोसायट्या किती आणि फ्लॅट किती, संगणकाला ते सगळे करून बघायला वेळ लागत नाही. अर्थात एकदा पुसलं की तो पत्ता कोणता होता हे लॉगवरून सिद्ध करता येणार नाही, तेव्हा वादाची मुदत आणि कायद्याने हिशेब ठेवायची मुदत संपल्यावरच पुसावा.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर अजून एक. १ एप्रिल २०२३ पासून भारतातल्या कंपन्यांना हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि बंद न करता येणारी सोय सक्तीची आहे. ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं की ती वर्षभर चालू होती का आणि तिच्यात कोणी ढवळाढवळ केली का. चांगला नियम आहे. पण २०२३-२४ सालचे ऑडिट अहवाल उघडून बघा. अनेक मोठ्या कंपन्यांच्या अहवालांत एक वाक्य थोड्याफार फरकाने सापडतं: ॲप्लिकेशनच्या पातळीवर नोंद होती, थेट डेटाबेसमध्ये केलेल्या बदलांची नोंद चालू नव्हती. म्हणजे पुढचं दार बंद, मागचं उघडं, आणि मागच्या दाराची किल्ली कोणाकडे ते वर सांगून झालंय. शिवाय ऑर्डरची किंमत बदलते ती बिल बनण्याआधी. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १४,५०० चं बिल येतं तेव्हा ते त्याच्या दृष्टीने पहिलंच आणि निष्कलंक. १८,५०० त्याने कधी पाहिलेलेच नाहीत. नियमाची अक्षरं पाळली म्हणून ४८१५ ची चोरी सापडेल असं समजू नका.

हे सगळं करूनही काय साधत नाही, तेही सांगायला हवं. शिक्का बसायच्या आधीच्या तासाभरातली ओळ बदलता येते. शिक्का दर मिनिटाला मारला तर ही फट मिनिटाची होईल, पण शून्य होणार नाही. ॲप्लिकेशनचा डेटाबेस पासवर्ड ज्याला ठाऊक आहे तो `app.actor` मध्ये कोणाचंही नाव घालू शकतो, आणि साखळी ते खोटं नाव इमानेइतबारे जपून ठेवेल. आणि काउंटरवर सगळे मिळून एकाच लॉगिनने काम करत असतील, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असेल, तर emp-31 म्हणजे नक्की कोण हे जगातला कुठलाही हॅश सांगणार नाही. "झालेली नोंद नंतर बदलली नाही" एवढंच साखळी सिद्ध करते. नोंद खरी होती हे नाही.

म्हणून पुढच्या वेळी कोणी "आमचा लॉग टॅम्परप्रूफ आहे" म्हणालं की दोनच प्रश्न विचारा. शेवटचा हॅश कोणाकडे असतो? आणि तो जुळवून शेवटचा कधी बघितला होता? पहिल्याचं उत्तर "आमच्याच सर्व्हरवर" असेल, किंवा दुसऱ्याला नुसती शांतता असेल, तर काय ते समजून जा. जुळवणी लॉग लिहिणाऱ्या टीमने करायची नाही, ती बाहेरचा हॅश ज्याच्याकडे आहे त्याने, स्वतःच्या मशीनवर, ठरलेल्या वारी करायची. अकाउंट्समधल्या कोणालाही हे जमेल, एक कमांड असते.

असो. बराच लांबला लेख. तुमच्याकडे शिक्का कोण मारतं, ते सोमवारी ऑफिसात गेल्यावर जरूर विचारून बघा.